शिफारसपत्र आणि दोनचा डोस

जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा होता. गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, प्राचार्यांचं पत्र हे सगळं तिनं जमवलं होतं. एक अट मात्र जरा वेगळी होती: जिथे काम केलं त्या वॉर्डच्या इन्चार्जचं पत्र हवं. कागदोपत्री मी परिसेविका, त्यामुळे ते माझ्याकडे आलं. सोबत ट्यूटर मॅडमनी तयार मजकूर पाठवला होता, नाव घालायला जागा मोकळी सोडून. ‘सदर विद्यार्थिनी कष्टाळू, प्रामाणिक व आज्ञाधारक असून तिची वर्तणूक समाधानकारक आहे.’ बेड मेकिंगच्या वेळी हमखास गायब होणाऱ्या मुलीलाही हे वाक्य सहज बसलं असतं.

मी म्हटलं, दुपारी पाळी बदलतानाचं ओव्हर झाल्यावर बसून लिहिते. पण खरं काम त्या आधीच, वॉर्डात, झालं होतं. ते असं.

आमच्याकडे रात्री एक बाई आली होती. पहिलटकरीण, रक्तदाब वाढलेला, घरीच झटका आलेला. लेबर रूममध्ये मॅगसल्फ, म्हणजे झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट, सुरू झालं, पहाटे नॉर्मल बाळंतपण झालं आणि सकाळी ती आमच्या वॉर्डात आली. अशा बाईला बाळंतपणानंतर किंवा शेवटच्या झटक्यानंतर, जे उशिरा झालं असेल त्यापासून चोवीस तास औषध चालू ठेवतात. आमच्याकडे दर चार तासांनी पाच ग्रॅम स्नायूत देतात, एकदा या कुल्ल्यात, एकदा त्या. एका अँप्युलमध्ये एक ग्रॅम, म्हणजे पाच अँप्युल फोडायच्या. बाईला ते इंजेक्शन फार दुखतं.

पण प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी बघायच्याच. गुडघ्यावर हॅमर मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला सोळापेक्षा कमी नाही ना, आणि गेल्या चार तासांत लघवी किमान शंभर मिली झाली का. मॅग्नेशियम शरीराबाहेर जातं ते मूत्रपिंडातून. लघवी कमी झाली की ते रक्तात साठतं. आधी गुडघा उडायचा थांबतो, आणखी साठलं तर श्वास मंदावतो. म्हणून त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, उशाशी काढून ठेवलेलं असतं.

दोनचा डोस नेमका ओव्हरच्या वेळी येतो. सकाळपाळी निघायच्या घाईत, दुपारपाळी पर्स ठेवून एप्रन घालतेय, नातेवाईक डबे घेऊन दारात. ड्यूटीवरच्या सिस्टरनी लघवीच्या पिशवीवरची रेघ पाहिली, चार्टवर १९० लिहिलं, आणि ट्रेकडे वळल्या. या मुलीकडे त्या बेडच्या नोंदी होत्या. ती म्हणाली, “सिस्टर, दहाला पिशवी रिकामी केली होती का?”

कोणी काही बोललं नाही. तिनं पुन्हा विचारलं, हळूच, पण विचारलं. मग मी चार्ट हातात घेतला. दहाच्या रकान्यात १२० होतं. पिशवी तेव्हा रिकामी झाली नव्हती, कारण त्याच वेळी मावशींना शेजारच्या खोलीत बोलावलं होतं. म्हणजे १९०मधले १२० आधीचेच. चार तासांत लघवी ७० मिली.

तोवर ती गुडघा बघत होती. डावा हात गुडघ्याखाली घालून पाय सैल लोंबू दिला, बाईला म्हणाली, “ताई, हात एकमेकांत गुंतवा आणि ओढा,” आणि हॅमर मारला. पाय जेमतेम हलला. दुसऱ्या पायाचंही तेच. श्वास मात्र अठरा, बाई हाक मारल्यावर नीट बोलत होती. कॅथेटरची नळी कुठे मुडपली नाही ना, हे पाहायचं मी सांगण्याआधी तिनं चादर वर केली होती. नळी सरळ होती.

रेसिडेंट डॉक्टर आले, डोस थांबवला, मूत्रपिंड कसं चाललंय ते बघायला क्रिएटिनिनची तपासणी पाठवली, दर तासाला लघवी मोजायला सांगितलं. कॅल्शियमची गरज पडली नाही. संध्याकाळपर्यंत लघवी सुटली, गुडघेही पूर्वीसारखे उडायला लागले. बाई पुढे बाळ घेऊन चालत घरी गेली.

आता हे पत्रात कसं लिहायचं? पहिली अडचण श्रेयाची. ‘विद्यार्थिनीने डोस थांबवला’ असं लिहिलं तर वाचायला झकास, पण ते खोटं. डोस थांबवायचा अधिकार तिला नाही, थांबवला डॉक्टरांनी. ट्रस्टवर नर्सिंगमधलं कोणी असेल तर त्या एका वाक्यावर सगळं पत्रच संशयात जाईल. दुसरी अडचण माझ्या सिस्टरची. पिशवीची गफलत वॉर्डाची, ती वॉर्डातच बोलायची. शिष्यवृत्तीच्या पत्रात तिचा पाढा कशाला? आणि बाईचं नाव, बेड नंबर, तारीख यातलं काहीही बाहेर जाता कामा नये.

शेवटी लिहिलं ते असं:

‘ही विद्यार्थिनी प्रसूतीपश्चात वॉर्डातील नेमणुकीच्या काळात माझ्या देखरेखीखाली होती. मॅग्नेशियम सल्फेट चालू असलेल्या एका रुग्णाच्या पुढील डोसआधी तिने लघवीची नोंद मागील नोंदीशी ताडून पाहिली व प्रत्यक्ष प्रमाण कमी असल्याचे ड्यूटीवरील परिचारिकांच्या लक्षात आणून दिले. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंद असल्याचेही तिने तपासून सांगितले. त्यानंतर डॉक्टरांनी डोस थांबवला. इंजेक्शन देण्यात तिचा हात अजून सावकाश आहे. तो सरावाने सुटेल, असे माझे मत आहे.’

हे शेवटचं वाचून मेट्रन मॅडम म्हणाल्या, “अगं, शिफारस करतेस की तक्रार?” मी म्हटलं, मॅडम, नुसतं गोड लिहिलं तर वरचंही कोणी खरं मानणार नाही. त्यांनी ‘मंद असल्याचेही’च्या जागी ‘कमी झाल्याचेही’ केलं, बाकी तसंच ठेवलं. रुग्णालयाच्या लेटरहेडवर इन्चार्जनं परस्पर सही करून चालत नाही. अधिसेविकांची सही, शिक्का आणि जावक क्रमांक पडल्यावरच पाकीट बंद झालं.

मुलीची मात्र वेगळीच विनंती होती. “सिस्टर, वडील शेतमजूर आहेत, तेही लिहाल का?” मी नाही लिहिलं. ते उत्पन्नाच्या दाखल्यावर तहसीलदारांच्या सहीनं आहे, आणि तिचं घर मी पाहिलेलं नाही. ती जरा हिरमुसली. मग मी तिला सांगितलं की तिच्या स्वतःच्या अर्जात ते तिनं जरूर लिहावं, फीचा आकडा आणि मेसचा खर्च यांसकट.

काही दिवसांनी ट्रस्टच्या एक बाई फोनवर होत्या. पूर्वी कुठेतरी नर्सिंग शिकवत असाव्यात, कारण विचारलं ते एवढंच: “पहिल्यांदा कोणी लक्ष दिलं नाही, तेव्हा ती काय करत होती?” मी म्हटलं, चार्टवर दहाच्या रकान्यावर बोट ठेवून उभी होती, आणि तिनं पुन्हा विचारलं. त्या “बरं” म्हणाल्या आणि तिची मुलाखत कधी ठेवायची ते विचारलं. त्या आठवड्यात तिची रात्रपाळी होती, म्हणून मी दुपारची वेळ मागून घेतली.