आमची वाटचाल: फ्रिजमध्ये गोठलेलं शेंगदाणा तेल

स्लाइड 1
ठाण्यातल्या आमच्या लाकडी घाण्याच्या तेलाचा एक व्हिडिओ सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली, सकाळी तेल गोठलं, म्हणून 'यात पाम आहे'. आमच्या तेलात पाम नाही. तेल गोठलं, हे मात्र खरं आहे.

स्लाइड 2
शेंगदाणा तेलात लांब साखळीची संपृक्त मेदाम्लं असतात. गारव्यात आधी तीच घट्ट होतात. फ्रिजच्या 4-5 अंशांना तेल धूसर होतं, मग तळाशी पांढरट थर बसतो. बाटली ओट्यावर ठेवली की ते पुन्हा पातळ होतं. पामोलिनही फ्रिजमध्ये गोठतं. दोन्ही गोठत असतील तर या परीक्षेतून काय कळणार?

स्लाइड 3
प्रयोगशाळेत आयोडीन मूल्य, म्हणजे तेलातली मेदाम्लं किती असंपृक्त आहेत ते सांगणारा आकडा, पाहतात. अन्नसुरक्षा मानकांत शेंगदाणा तेलासाठी ते 85 ते 99 आहे. समजा शुद्ध तेलाचं 92 आणि पामोलिनचं 57 आहे. 30 टक्के पामोलिन मिसळलं तर मिश्रणाचं 81.5 येतं, म्हणजे चोरी लगेच पकडली जाते.
10 टक्केच मिसळलं तर 88.5 येतं आणि तेल या कसोटीतून सुटतं. म्हणून नुसत्या एका आकड्यावर थांबू नका, गॅस क्रोमॅटोग्राफीने मेदाम्लांचा पूर्ण तक्ता मागा. पामोलिनमध्ये पामिटिक आम्ल साधारण 40 टक्के असतं, शेंगदाण्यात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. एवढी तफावत असल्याने भेसळ तिथे जास्त स्पष्ट दिसते.

स्लाइड 4
आमच्यावर विश्वास ठेवा असं आम्ही म्हणत नाही. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, 2006 च्या कलम 40 नुसार ग्राहक स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. नमुन्यात दोष निघाला तर ती फी परत मिळते. सीलबंद बाटली आणि बिल जपून ठेवा.

स्लाइड 5
ऐन दिवाळीत ऑर्डरी रद्द झाल्या, ते अजून सलतं. व्हिडिओ कोणी केला, ते इथे लिहिणार नाही. त्याच आठवड्यात कोपरीच्या एक जुन्या गिऱ्हाईक काकू पाच लिटरचा डबा घेऊन आल्या आणि लाटेखाली दाणे दळले जाताना शेवटपर्यंत उभ्या राहून पाहत होत्या.
तुम्हीही या. 100 किलो दाण्यांतून सुमारे 40 किलो तेल निघतं, म्हणजे किलोभर तेलाला अडीच किलो दाणे लागतात. हा हिशोब कुठल्याही घाण्यावर करून पाहा. तेलाचा भाव अडीच किलो दाण्यांच्या घाऊक भावापेक्षाही कमी असेल, तर 'पेंडीच्या विक्रीतून एवढी तूट भरून निघते का?' असं दुकानदाराला विचारा.