चेहऱ्यावरची सावली कुणी ठरवली होती?

आमच्या पुण्यातल्या स्टुडिओत सध्या एका जुन्या गेमचं रीमास्टर चालू आहे. करारामुळे गेमचं नाव सांगता येत नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला, कन्सोलवरचा, परदेशी प्रकाशकाचा गेम आहे. सेल शेडिंग केलेली, म्हणजे कार्टूनसारखी सपाट रंगांत दिसणारी थ्रीडी पात्रं आणि संवादाच्या चौकटीत पिक्सेल आर्टमध्ये काढलेले छोटे चेहरे, असं त्याचं रूप. मूळ चित्र ६४० बाय ४८० चं होतं, आता ते फोर-के टीव्हीवर चालवायचं आहे. मी टेक्निकल आर्टिस्ट. कलाकाराने काढलेलं आणि पडद्यावर दिसलेलं यांत फरक का पडला, हे शोधण्यात माझा बहुतेक दिवस जातो.

त्या दिवशी सकाळीच क्लायंटचा शेरा आला: नायिकेचा चेहरा मळकट दिसतो. बिल्ड, म्हणजे गेमची सध्याची चालती आवृत्ती, उघडून बघितलं तर बरोबरच होतं. ती मशालीसमोरून चालत गेली की गालावर गडद रंगाचे तिरके त्रिकोण उमटत, एका पावलात नाकापासून कानापर्यंत उडी मारत आणि नाहीसे होत. नाकाखाली एक काळा ठिपका मात्र कायम. स्थिर स्क्रीनशॉटमध्ये यातलं फारसं कळत नव्हतं, म्हणूनच इतके दिवस ते कुणाच्या नजरेत आलं नसावं. आमच्याकडे आर्ट रिव्ह्यू स्क्रीनशॉटवर होतात. मला ते अजिबात पटत नाही, आणि ते मी वरपर्यंत सांगितलेलं आहे.

सगळ्यांचं पहिलं निदान एकच होतं: जुनं मॉडेल, चेहरा जेमतेम तीनशे-साडेतीनशे त्रिकोणांचा बनलेला, मग असं होणारच. लीड म्हणाले, "अगं, पॉलीकाउंट वाढवून घेऊ, सुटेल." एका सहकाऱ्याने आदल्या आठवड्यातच चेहरा सबडिव्हाइड करून, म्हणजे प्रत्येक त्रिकोणाचे आणखी छोटे तुकडे पाडून ठेवला होता. तो लावून बघितला. त्रिकोण गेले, पण चेहरा फुग्यासारखा झाला. हनुवटीचा कोन गेला, आणि नाकाखालचा ठिपका तर जास्तच ठसठशीत झाला. तो ठिपका त्रिकोण वाढवूनही जात नाही म्हणजे दोष त्रिकोणांच्या संख्येत नाही, हे तिथेच कळलं.

सेल शेडिंगमध्ये हिशोब असा असतो. पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे सांगणारा एक बाण असतो, त्याला नॉर्मल म्हणतात. तो बाण आणि प्रकाशाची दिशा यांच्यातल्या कोनावरून उजेड किती ते ठरतं. साध्या शेडिंगमध्ये हा उजेड हळूहळू कमी होत जातो. सेल शेडिंगमध्ये मध्ये एक उंबरठा ठेवायचा: वर असेल तर उजेडाचा रंग, खाली असेल तर सावलीचा. तिसरं काही नाही. शेडर म्हणजे पडद्यावरचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम; आमच्या शेडरमधला गाभा एवढाच आहे, यात `N` म्हणजे नॉर्मल, `L` प्रकाशाची दिशा आणि `_T` उंबरठा:

```hlsl
float l = dot(N, L) * 0.5 + 0.5;
float w = fwidth(l);
float lit = smoothstep(_T - w, _T + w, l);
```

`fwidth` आहे ते फक्त फोर-केवर सावलीची कड दातेरी दिसू नये म्हणून. बाकी निर्णय कडक आहे. त्यामुळे होतं असं की साध्या शेडिंगमध्ये नॉर्मल दोन-तीन अंशांनी चुकला तर कुणाला पत्ता लागत नाही, पण इथे तेवढ्याने सावलीची रेघ गालावरून डोळ्यापर्यंत सरकते. ज्या जागी गाल प्रकाशाला जवळजवळ समांतर असतो तिथे तर एका शिरोबिंदूचा बाण हलला की अख्खा त्रिकोण काळा किंवा गोरा होतो. आम्हाला दिसत होते ते हेच त्रिकोण.

मग क्लायंटने दिलेल्या जुन्या संग्रहातली मूळ फाइल माया या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि नॉर्मल दाखवायला लावले. ते बघून मी बराच वेळ काही केलंच नाही, नुसतं फिरवून फिरवून बघत राहिले. नाकाच्या दोन्ही बाजूंचे बाण नाकाचे नव्हतेच. ते गालाच्या बाणांना समांतर करून ठेवले होते, म्हणजे प्रकाशाच्या दृष्टीने नाक जवळपास अस्तित्वातच नव्हतं. नाकाची सावली हवी होती तेवढी, एक छोटा त्रिकोण, टेक्श्चरमध्ये, म्हणजे मॉडेलवर चढवलेल्या चित्रात, हाताने रंगवलेली. डोळ्यांभोवतीचे सगळे बाण समोर वळवलेले, म्हणजे डोळ्यांच्या खोबणीत कधीच सावली साचणार नाही. जबड्याखाली मात्र उलट, बाण मुद्दाम खाली खेचलेले, म्हणजे मानेवरची सावली नेहमी एका स्वच्छ रेघेत संपेल. तीनशे त्रिकोणांच्या चेहऱ्यावर कुणीतरी एकेक बाण हाताने वळवला होता.

हे तंत्र आज या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. २०१४ च्या 'गिल्टी गिअर एक्सआरडी'च्या टीमने ते कसं वापरलं हे जीडीसी या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेतल्या व्याख्यानात उघड करून सांगितलं, तेव्हापासून ते जणू पाठ्यपुस्तकात गेलं. त्यांनीही नॉर्मल हाताने दुरुस्त केले होते, आणि शिवाय पोझमधल्या फ्रेम आपोआप जोडू न देता हाताने काढलेल्या ॲनिमेशनसारख्या थांबत थांबत बदलत ठेवल्या होत्या. पण आमची फाइल त्याच्या कितीतरी आधीची.

मग आमच्या बिल्डमध्ये हे बाण गेले कुठे? आम्ही वापरतो त्या युनिटी या गेम इंजिनमध्ये मॉडेल आत घेताना नॉर्मलसाठी पर्याय असतो: `Import` म्हणजे फाइलमधले आहेत तसे घ्या, `Calculate` म्हणजे आकारावरून नव्याने काढा. आमच्या प्रोजेक्टमध्ये एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येक मॉडेलला `Calculate` लावत होती. मूळ कलाकाराने केलेलं सगळं काम इम्पोर्टच्या क्षणीच पुसलं जात होतं, आणि पुढे आम्ही सगळे जण त्या पुसलेल्या चेहऱ्याला दुरुस्त करत बसलो होतो.

ती स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही, कारण त्याचं कारण खरं होतं. पात्राभोवतीची काळी आउटलाइन आम्ही रूढ पद्धतीने काढतो: त्याच मेशची, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीची, दुसरी प्रत नॉर्मलच्या दिशेने थोडी बाहेर ढकलायची, तिच्या समोरच्या बाजू काढायच्याच नाहीत, फक्त मागच्या बाजू काळ्या रंगात काढायच्या. मूळ गेममध्ये आउटलाइनसाठी वेगळं मेश होतं, पण ते आमच्यापर्यंत पोचलंच नाही. मग हाताने वळवलेल्या बाणांवरून प्रत ढकलली की नाकाशी रेघ गायब, जबड्याशी जाड, आणि कपड्यांच्या धारदार कडांवर चक्क फट. `Calculate` केल्यावर आउटलाइन सुरेख झाली. आउटलाइनवाल्याने आउटलाइन तपासली, काम संपलं. चेहरा तपासणं त्याच्या तिकिटात, म्हणजे नेमून दिलेल्या कामात, नव्हतं. तिकिटांवर चालणाऱ्या कामात ही गोष्ट पुन्हा पुन्हा होते.

उपाय असा की दोन्ही बाण ठेवायचे. शेडिंगसाठी फाइलमधले मूळ नॉर्मल, आणि आउटलाइनसाठी आकारावरून काढलेले सरासरी नॉर्मल वेगळ्या जागी. ही वेगळी जागा यूव्ही चॅनेल, म्हणजे टेक्श्चर कुठे चढवायचं ते सांगणारे आकडे, असून चालत नाही, कारण पात्राने हात उचलला की हाडांबरोबर नॉर्मल आणि त्याला काटकोनात असलेले टँजंट नावाचे बाण फिरतात, यूव्ही फिरत नाहीत, आणि रेघ जुन्याच दिशेने ढकलली जाते. टँजंट लागतात ते बारीक उंचसखलपणा चित्रातून दाखवणाऱ्या नॉर्मल मॅपसाठी; आमच्या शेडरमध्ये नॉर्मल मॅप नाहीत, त्यामुळे टँजंट मोकळे होते. तिथे ठेवले. सबडिव्हाइड केलेला चेहरा काढून मूळ तीनशे त्रिकोणांचाच परत लावला. दुपारी नायिका मशालीसमोरून चालली तेव्हा सावलीची एकच स्वच्छ रेघ गालावरून सरकली, जबड्याशी थांबली. फोर-केवर, वीसएक वर्षांपूर्वीच्या मॉडेलवर.

क्लायंटच्या कॉलवर चेहरा लगेच मंजूर झाला. पुढचा मुद्दा आला: आता यावर ॲम्बियंट ऑक्लूजन आणि ब्लूम लावा, म्हणजे आजचा वाटेल. इथे मी ऐकून घेतलं नाही. ब्लूम उजळ भागांभोवती चमक पसरवतो, ऑक्लूजन कोपऱ्याकोपऱ्यात राखाडी छटा भरतं. ज्या चित्रात दोनच रंग ठरवलेत तिथे ही तिसरी छटा खोली दाखवत नाही, कॉलरखाली मळ साचल्यासारखी दिसते. मी झेल्डा मालिकेतल्या 'विंड वेकर'चं उदाहरण दिलं. निन्टेन्डोने २००० मध्ये वास्तवदर्शी झेल्डाची झलक दाखवली होती, आणि २००१ मध्ये त्या मालिकेचा नायक लिंक सेल शेडिंगमध्ये दाखवल्यावर चाहते चिडले होते. २००२ अखेर जपानमध्ये आलेला तोच गेम आज गेमक्यूब या त्या वेळच्या कन्सोलवरही डोळ्यांना खटकत नाही. २०१३ च्या एचडी आवृत्तीत मात्र नवी प्रकाशयोजना आणि भरपूर ब्लूम आला, आणि सपाट रंगांचा तो ठामपणा कमी झाला. चित्राची रेझोल्यूशन वाढली हे उत्तमच झालं. ब्लूमची गरज नव्हती.

माझं मत असं आहे की त्या काळातल्या वास्तवदर्शी गेमची कातडी आज प्लास्टिकची वाटते, कारण त्यांचं ध्येय खरी कातडी हे होतं आणि पुढची यंत्रं त्या ध्येयाच्या जास्त जवळ गेली. सेल शेडिंगवाल्याने मोजपट्टीच वेगळी निवडली: गालावरची रेघ इथे हवी, तिथे नको. ती रेघ तेव्हाही पूर्ण होती. पण हे आपोआप मिळत नाही. वास्तवदर्शी मॉडेलवर नुसता तयार टून शेडर आणि काळी रेघ चढवलेले गेमही त्या काळात निघाले, आणि ते आज वास्तवदर्शींइतकेच शिळे दिसतात. ओळखायला सोपं आहे: प्रकाश गोल फिरवा आणि नाकाकडे बघा. ठिपके उडताना दिसले तर तिथे कुणी काही ठरवलेलं नाही.

संवादाच्या चौकटीतल्या पिक्सेल चेहऱ्यांवरून मात्र अजून भांडण चालू आहे. ते ४८ बाय ४८ चे आहेत. ४८० ओळींवरून २१६० वर जाताना पट येते साडेचार, आणि अर्धा पिक्सेल असा काही नसतो. म्हणून काही पिक्सेल चार रुंदीचे होतात, काही पाच. तीन पिक्सेलचा डावा डोळा तेराचा, उजवा चौदाचा, आणि मुलगी तिरळी दिसते. कुणीतरी हे लपवायला शेजारच्या पिक्सेलचे रंग मिसळणारा बायलिनियर फिल्टर लावला होता. त्याने डोळ्यातला तो एकच पांढरा पिक्सेल, ज्यावर सगळी नजर उभी आहे, राखाडी केला. मी फिल्टर `Point`, म्हणजे रंग न मिसळणारा, केला, पट पूर्ण पाच धरली आणि चौकट २४० पिक्सेलच्या चेहऱ्याला बसेल अशी थोडी मोठी करायला सांगितली. 'सेलेस्ट' या पिक्सेल आर्ट गेमवाल्यांनी ३२० बाय १८० निवडलं होतं, त्याचं सुख आता कळतं: सातशेवीसला बरोबर चार पट, हजारऐंशीला सहा, फोर-केला बारा.

पण पिक्सेल आर्टमधलं सगळंच टिकतं असं मी म्हणणार नाही. या चेहऱ्यांच्या केसांत डिदरिंग आहे, म्हणजे दोन रंगांचे पिक्सेल एकाआड एक ठेवलेले. ते जुन्या टीव्हीच्या धूसरपणावर विसंबून काढलेलं होतं; तिथे दोन रंग मिसळून तिसरा दिसायचा. 'सॉनिक'मधला धबधबा १९९१ मध्ये असाच पारदर्शक दिसायचा आणि आज धारदार पडद्यावर उभ्या पट्ट्या दिसतात. आमचेही केस आता बुद्धिबळाचा पट झाले आहेत. म्हणजे ज्या निर्णयाचा अर्धा भाग टीव्हीवर सोपवला होता तो टीव्हीबरोबर गेला, डोळ्यातला पांढरा पिक्सेल टिकला. केसांचं डिदरिंग काढून तिथे मधला सपाट रंग भरावा असं माझं म्हणणं आहे. आमची पिक्सेल आर्टिस्ट म्हणते, "मूळ चित्राला हात लावायचा नाही, हवं तर जुन्या टीव्हीसारखा फिल्टर दे." तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्या फिल्टरने तो पांढरा पिक्सेलही पसरतो, आणि पसरू न देता केस तेवढे मिसळतील अशी सेटिंग मला अजून सापडलेली नाही.

क्लायंटने तोडगा काढलाय की ब्लूम आणि टीव्ही फिल्टर दोन्ही मेनूत पर्याय म्हणून द्यायचे. ठीक आहे, पण बहुतेक लोक मेनू उघडतच नाहीत, त्यामुळे गेम सुरू होताना काय चालू असेल हाच खरा प्रश्न आहे. दोन्ही बंद असावेत असं मी लेखी कळवलं आहे, सोबत मशालीच्या प्रसंगाचे दोन व्हिडिओ जोडले आहेत, स्क्रीनशॉट नाहीत. उत्तर सोमवारी येणार आहे.