ऑफर लेटरमधले वीस हजार ऑप्शन

ऑफर लेटरमध्ये पगाराच्या खाली एकच ओळ होती: २०,००० स्टॉक ऑप्शन, चार वर्षांचं व्हेस्टिंग, एक वर्षाची क्लिफ. म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर विकत घेण्याचा हक्क; तो चार वर्षांत हळूहळू हातात येणार आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच नाही. आकडा बरा वाटला. पण वीस हजार, ते किती शेअरपैकी? तेच लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या मेलमध्ये मी काही मागितलंच नाही, नुसतं विचारलं: फुली डायल्युटेड शेअर किती, स्ट्राइक प्राइस, म्हणजे शेअर घेण्याचा तो ठरलेला भाव, किती आणि नोकरी सोडल्यावर ऑप्शन वापरायला किती मुदत? उत्तर आलं, "एकूण ८० लाख शेअर." म्हणजे माझा वाटा पाव टक्का. पण 'फुली डायल्युटेड' हे शब्द उत्तरात नव्हते. पुन्हा विचारल्यावर कळलं की ८० लाख म्हणजे आजवर दिलेले शेअर. कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेला ऑप्शन पूल आणि पुढे शेअरमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टिबल नोट्स धरल्या तर १ कोटी होतात. वाटा ०.२ टक्के झाला. लबाडी नसावी, एचआरला बहुधा फरकच माहीत नव्हता.

मग मागणी सोपी झाली. "आधीच्या उत्तरावरून मी ०.२५ टक्के धरले होते, तेवढे करता येतील का?" १ कोटीचे ०.२५ टक्के म्हणजे २५,०००. दोन दिवसांत होकार आला.

खरी ओढाताण झाली ती मुदतीवरून. नोकरी सोडल्यापासून ९० दिवसांत ऑप्शन वापरा, नाहीतर ते गेले. मी हिशोब मांडला: चारही वर्षं काढून बाहेर पडलो, तर २५,००० गुणिले स्ट्राइक प्राइस म्हणजे माझा पाच महिन्यांचा पगार. तो रोख भरायचा, वर कदाचित कर, आणि हातात येणार ते शेअर विकायला बाजारच नाही. हाच हिशोब मेलमध्ये जसाच्या तसा लिहिला आणि पाच वर्षांची मुदत मागितली. संस्थापकाने स्वतः उत्तर दिलं: दोन वर्षं काम केलेल्याला दोन वर्षांची मुदत. मी घेतली. क्लिफ सहा महिन्यांवर आणायची विनंती मात्र एका ओळीत फेटाळली गेली, तीही सगळ्यांना एकच नियम म्हणून. मीही ताणलं नाही.

शेवटच्या मेलमध्ये एकच वाक्य जास्तीचं टाकलं: व्हेस्टिंग रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजायचं, हे कृपया कळवा. "हो" एवढंच उत्तर आलं. ऑप्शन बोर्डाने मंजूर केल्याशिवाय मिळत नाहीत आणि बोर्डाची बैठक झाली मी रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात. ग्रँट लेटर आलं तेव्हा संख्या बरोबर होती, मुदतही बरोबर होती, पण व्हेस्टिंगची सुरुवात बैठकीच्या तारखेपासून छापली होती. सही न करता तो "हो"वाला मेल फॉरवर्ड केला. त्याच संध्याकाळी दुरुस्त प्रत आली.