टबात नाही, बादलीत

माझं घरगुती पाळणाघर आहे, अकोल्यात, गेल्या उन्हाळ्यात तीन मुलं यायची, दीड वर्षाची एक, दोनचा एक आणि अडीचची एक. गेल्या मे महिन्यात जे झालं ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं पण हात धजत नव्हता. आता परत उन्हाळा लागला, परत सगळीकडे टब निघालेत म्हणून लिहून टाकते.

मे मधे आमच्याकडे पारा 44 च्या आसपास असतो. मुलं घरात बसून किरकिर करतात, कूलर लावला तर त्याच्याच पाण्यात हात घालायला धावतात (कूलरला करंट उतरतो, त्यामुळे मी मुलं असताना त्याच्यासमोर पलंग आडवाच लावून ठेवते). म्हणून सकाळी साडेनऊच्या सुमारास मागच्या पडवीत, जिथे अकरा-साडेअकरापर्यंत सावली असते, तिथे पाण्याचा खेळ मांडते. मोठी पसरट घमेली, प्लास्टिकची, दोन. पाणी किती, तर माझी तीन बोटं आडवी बुडतील एवढंच. खाली जुनं गोणपाट ओलं करून अंथरते, फरशीवर पाय सटकत नाही. खेळणी म्हणजे काय हो, स्वयंपाकघरातलीच, पिठाची चाळणी, चहाची गाळणी, दोन प्लास्टिकचे डबे, वाट्या आणि तळाला भोकं पाडलेला एक दह्याचा डबा. त्या भोकाच्या डब्यातून पाणी पडताना बघत दोन वर्षाचं पोर दहा मिनिटं जागचं हलत नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय. बाटल्यांची झाकणं, गोट्या, फुगे असलं काही देत नाही कारण ते सरळ तोंडात जातं. आणि ते रंगीत जेलीचे मणी येतात ना, पाण्यात फुगणारे, ते तर दारातही आणू देत नाही, गिळले तर पोटात जाऊन फुगतात आणि आतडं अडतं.

तर हे सगळं मी नीट बघत होते आणि तरी घोळ झाला तो दुसऱ्याच जागी.

आमची पाण्याची टाकी गच्चीवर, काळी. दहा वाजेपर्यंत नळाला जे पाणी येतं त्याने मोठ्या माणसाचा हात पोळतो, लेकरांची कातडी तर किती पातळ. म्हणून मी घमेल्यात टाकायचं पाणी सकाळी सहालाच काढून ठेवायचे, रंगाच्या रिकाम्या 20 लिटरच्या बादलीत, अर्धी बादली, पडवीतच कोपऱ्यात. मुलं पाणी सांडतात, कमी होतं, मग त्यातून तांब्याने घालायचं. सोयीचं होतं म्हणून कधी खटकलंच नाही.

त्या दिवशी तिन्ही मुलं खेळत होती, मी पाटावर बसलेली, मदतीच्या मावशी दारात भाजी निवडत होत्या. फाटकावर सिलेंडरवाला आला. मी उठले, "मावशी, जरा बघता का" म्हणाले आणि गेले. मावशींना वाटलं मी सिलेंडर ठेवायची जागा बघायला सांगतेय, त्या आत गेल्या. मला वाटलं त्या मुलांजवळ आहेत. म्हणजे दोन मोठी माणसं घरात आणि मुलांजवळ कोणीच नाही.

मी परत आले तेव्हा, फार तर अर्धं मिनिट झालं असेल, दोघं घमेल्यात चाळणीवरून भांडत होती आणि सगळ्यात छोटी, तिला इथे चिऊ म्हणते, ती कोपऱ्यात बादलीत डोक्याकडून गेलेली. पाय वर, जमिनीपासून सुटलेले. आवाज काहीच नाही. ओरडणं नाही, फडफड नाही, पाण्याचा सुद्धा आवाज नाही. मी तिला कमरेला धरून उचललं, ती खोकली, नाकातोंडातून पाणी आलं, आणि मग रडली. ते रडणं ऐकून माझे पाय गळाले, तिला पोटाशी धरून मी तिथेच गोणपाटावर बसले.

मावशी धावत आल्या, "उलटी धरा ताई, पोट दाबा, पाणी निघून जाईल" म्हणायला लागल्या. हे आपल्याकडे सगळेच करतात आणि ते चुकीचं आहे, पोट दाबलं की उलटी होऊन तीच श्वासनळीत जाऊ शकते. मूल रडतंय, खोकतंय, म्हणजे श्वास चालू आहे, त्याला सरळ कडेवर घ्यायचं, ओले कपडे काढून कोरडं करायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. श्वास चालत नसेल तर मात्र उलटं धरण्यात एक क्षणही न घालवता लगेच तोंडाने श्वास द्यायला लागायचं, मग छातीवर दाब, आणि दुसऱ्याने 108 ला फोन लावायचा. मी हे एका शिबिरात शिकले होते, नशिबाने ती वेळ आली नाही.

मी तिच्या आईला लगेच फोन केला, जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, आणि मावशींना बाकी दोघांपाशी बसवून चिऊला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, काही तास तिथेच बसवून ठेवलं. श्वास भराभर चालतोय का, बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, खोकला वाढतोय का, अवेळी गुंगीत जातेय का हे बघायला सांगितलं, घरी गेल्यावरही रात्रीपर्यंत. काही झालं नाही. संध्याकाळी तिने वरणभात खाल्ला.

डॉक्टरांनी एक गोष्ट विचारली ती डोक्यातून जात नाही. चिऊचं वजन किती? साडेनऊ किलो. बादलीत पाणी किती? दहा लिटर, म्हणजे दहा किलो. म्हणून बादली कलंडली नाही. घमेलं असतं तर एक तर काठ इतका बुटका की ती आडवी पडली असती आणि हात टेकवून उठली असती. बादलीचा काठ तिच्या पोटाला येतो, वाकून बघायला गेली की या वयात डोकंच जड, पाय उचलले जातात आणि आत हात टेकवायला काहीच नाही. मी तीन बोटं पाणी मोजत बसले होते आणि शेजारी अर्धी बादली भरून ठेवली होती.

आता पडवीत भरलेलं भांडं ठेवत नाही. सकाळचं पाणी स्वयंपाकघरात झाकणाच्या डब्यात, ओट्यावर, तिथून लागेल तसा एकच तांब्या आणते, घालायच्या आधी कोपर बुडवून बघते. जे माणूस बसलंय त्याचा हात मुलापर्यंत पोचला पाहिजे एवढ्या अंतरावर बसायचं, मोबाईल आत. आणि उठायचं असेल तर दुसऱ्याने "हो, मुलं माझ्याकडे" असं तोंडाने म्हटल्याशिवाय उठायचं नाही, नाहीतर मुलांना उचलून सोबत न्यायचं, सिलेंडरवाला थांबतो. वीस मिनिटं झाली किंवा कोणाचे ओठ निळसर दिसले, कोणी कुडकुडलं, की खेळ बंद, आणि पाणी त्याच क्षणी तुळशीत नाहीतर कढीपत्त्याला, घमेली पालथी.

चिऊची आई दोन दिवसांनी तिला परत घेऊन आली. मला वाटलं होतं येणार नाही. ती म्हणाली, "ताई, तुमच्याकडून घरी गेल्यावर मी आधी आमचं बाथरूम बघितलं." त्यांच्याकडे नळ बऱ्याच दिवसांच्या अंतराने येतो, त्यामुळे बाथरूममधे कायम एक ड्रम आणि तीन बादल्या भरलेल्या, उघड्या, आणि दार नुसतं लोटलेलं. बादल्यांवर आता जाड झाकणं आहेत आणि दाराला वर, मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, नवी कडी लावलीय.