आमची वाटचाल : ‘जरा बघता का?’ ते ‘साडेदहापर्यंत हवं’

भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ होते तोवर कुणाला काही हवं असलं की हाक मारली तरी पुरत असे. पुढे सीएनसी आल्या, क्वालिटीची वेगळी खोली झाली, स्टोअर आणि डिस्पॅचला स्वतंत्र माणसं आली, आणि तीच हाक अपुरी पडू लागली.

सगळ्यात जास्त खोळंबा व्हायचा पहिल्या नगाच्या तपासणीत. सेटर नवं सेटिंग लावतो, एक नग काढतो, क्वालिटीच्या टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, “मॅडम, जरा बघता का?” टेबलावर आधीच डिस्पॅचचा माल मांडलेला असतो. त्या गर्दीत या एका नगापायी मशीन उभं आहे हे कळायला काही मार्गच नसतो.

आता नगासोबत चिठ्ठी जाते. एका बुशच्या जॉबची चिठ्ठी अशी होती : “पहिला नग. बोअर २५ एच ७ आणि लांबी तपासून मंजुरी हवी. १०:३० पर्यंत. लेथ २ उभं आहे, १२० नग आज ४:३० च्या प्लेटिंगच्या टेम्पोत जायचे आहेत.” काय तपासायचं ते स्पष्ट आहे : २५ एच ७ म्हणजे बोअर, आतल्या भोकाचा व्यास, २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत हवा. साडेदहा ही वेळही उलट मोजून काढलेली आहे. एका नगाला अडीच मिनिटं, म्हणजे १२० नगांना पाच तास. त्यात जेवणाची अर्धा तास सुट्टी, आणि शेवटचे नग साफ करून क्रेटमध्ये भरायला आणखी अर्धा तास.

मला या हिशोबाचं मोल फार वाटतं, कारण त्यामुळे नकारसुद्धा कामाचा ठरतो. त्या दिवशी मॅडमनी लिहिलं, “अकराच्या आधी जमणार नाही, डिस्पॅचची गाडी दारात आहे.” अर्धा तास गेला म्हणजे बारा नग कमी. डिस्पॅचने लगेच ग्राहकाला विचारलं, १०८ आज आणि उरलेले उद्या चालतील का? चालत होते. नाहीतर हीच गोष्ट चार वाजता टेम्पोपाशी कळली असती, आणि तेव्हा वादापलीकडे हाती काही नसतं.

सुरुवातीला प्रत्येक चिठ्ठीवर ‘अर्जंट’ येऊ लागलं. तो शब्द आम्ही बंद केला. त्याऐवजी चिठ्ठीवर ‘काय अडलंय’ या जागी मशीन, गाडी किंवा जॉब कार्डचा नंबरच लिहायचा; ती जागा रिकामी असेल तर काम रांगेत थांबतं. आणि चिठ्ठी घेणाऱ्याने ‘हो’, ‘नाही’ किंवा दुसरी वेळ लिहून दिल्याशिवाय ती पोचली असं आम्ही धरत नाही.

एकाच मशीनवरच्या दोघांना चिठ्ठीची गरज नाही. आणि कुणाला इजा झाली किंवा कूलंट जमिनीवर सांडलं, तर ओरडूनच बोलवायचं.