उलटा लाभ

परवा दुपारी वाऱ्याने दार आपटलं आणि फटीत तोरणाची एक झिरमिळी सापडली. उंबऱ्यावर मणी सांडले. आधी हात पसरून ते थांबवले, मग बोट ओलं करून एकेक टिपले. सुक्या बोटाला मणी येत नाहीत, हे ज्यांच्या घरी तोरणं झाली त्यांना सांगायला नको.

झिरमिळी एकच तुटली होती, शेजारच्या जागच्या जागी. आई प्रत्येक झिरमिळीला वेगळा दोरा घ्यायची. शेजारच्या काकूंनी वेळ वाचवायला एकाच दोऱ्यात सगळ्या केल्या होत्या आणि ऐन पाडव्याला त्यांच्या अर्ध्या झिरमिळ्या जिन्यावरून खाली गेल्या. आई त्यांना काही बोलली नाही. फक्त चहा दिला.

हे तोरण झालं तेव्हा मी पाचवीत होतो आणि माझं काम आलेख वाचायचं. आईचे डोळे सुईवर, त्यामुळे शाळेच्या आलेखवहीतली चित्रं मी मोठ्याने म्हणायचो, ‘पांढरे चार, निळा एक, निळा एक, पांढरे दोन’. एक चौकोन म्हणजे एक मणी. वाचून झालेल्या ओळीवर पट्टी सरकवायची. ओळ डावीकडून उजवीकडे संपली की पुढची उजवीकडून डावीकडे. इथे मी हमखास चुकायचो. चार ओळींनंतर हत्तीचा पाय पोटात गेलेला दिसला की आई सुई काढून ठेवायची आणि उसवायला बसायची. मला रागवायची नाही, पण ‘वाच रे’ ऐवजी ‘वाचा’ म्हणायची.

टाका साधाच. नवा मणी ओवायचा, सुई वरच्या ओळीतल्या मण्यातून परत घालायची आणि पुन्हा नव्या मण्यातून काढायची. दोरा वावभरच घ्यायचा, जास्त घेतला की गुंता. त्यावर मेणाचा तुकडा फिरवायचा. तंगूस आईने एकदा वापरून पाहिली होती. तिची गाठ घसरते आणि दारावरच्या उन्हात ती कडक होऊन कटकन तुटते. दोरा संपला की मध्येच गाठ मारायची नाही, शेपूट विणलेल्या मण्यांतून आडवं-उभं फिरवून जिरवायचं.

पण खरी गंमत हत्तीची. आईने आलेखावर हत्ती काढला तो 30 चौकोन लांब आणि 20 चौकोन उंच. कागदावर अगदी गणपतीपुढे उभा राहावा असा. विणून झाला तेव्हा बाबा पेपर खाली करून म्हणाले, ‘घोडा छान झालाय.’ आईने हत्ती ताटात ठेवला आणि बराच वेळ बघत बसली. मग वीस मणी दोऱ्यात ओवून पट्टीवर धरले. चार सेंटिमीटर. तेच मणी आडवे करून एकावर एक रचले तर वीस मण्यांची उंची सहा. मणी दिसतो गोल, पण भोकाच्या दिशेने चपटा असतो. आलेखाचा चौकोन चौकोनच आणि आमचा मणी मात्र दोन मिलिमीटर लांब, तीन उंच. म्हणून हत्ती सहा सेंटिमीटर लांब आणि सहाच उंच झाला होता. मग दर दोन चौकोनांचे आडवे तीन करत तिने 45 चौकोनांचा लांबट, बेढब हत्ती काढला. कागदावर तो मगरीसारखा दिसत होता. विणला तेव्हा हत्ती झाला. तो घोडा मात्र उसवला नाही, किल्ल्यांच्या खिळ्याला बरीच वर्षं लोंबत होता.

असे पाच हत्ती, मध्ये शुभ आणि लाभ, खाली झिरमिळ्या आणि दोन टोकांना लोकरीचे गोंडे. गोंड्यासाठी पोस्टकार्डावर लोकर गुंडाळायची, एका कडेला बांधायची, दुसऱ्या कडेला कापायची आणि वरून बोटभर खाली मान आवळायची.

परवा मी तीच तुटलेली झिरमिळी ओवायला बसलो. तेवीस मणी. शेवटच्या मण्याला वळसा घालून सुई बाकीच्या बावीसांतून वर काढायची, म्हणजे तो शेवटचा मणीच अडसर होतो. दोरा पहिल्यांदा मी इतका ओढला की झिरमिळी काडीसारखी ताठ झाली, हलेना. सोडवली, मण्याभर ढील दिली, गाठीवर नेलपॉलिशचा थेंब टाकला. आता डुलते.

स्टुलावर उभा राहून टांगताना सहज घरात बघून वळलो आणि लक्षात आलं, या बाजूने ‘लाभ’ उलटा दिसतो. आरपार विणलेलं, बाहेरच्यासाठी सुलट. आणि आई तर दिवसभर घरातच असायची. स्वयंपाकघरातून दाराकडे बघत.

तिने कधी म्हटलं नाही. मीही विचारलं नव्हतं.