लिव्हरपूल: शंभर पौंडांचं शास्त्र

भाचा मँचेस्टरला नोकरीला आहे, त्याच्याकडे आम्ही ऑक्टोबर 2023 मध्ये दोन आठवडे होतो. एका शनिवारी म्हणाला मामा चला लिव्हरपूलला जाऊ, तासाभराची ट्रेन आहे, बीटल्सचं सगळं बघून येऊ. मी म्हटलं बीटल्स तू बघ, मला तिथला टाऊन हॉल बघायचाय. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी मुंबईत येऊन पहिल्यांदा मंत्रालय बघायचं म्हणतोय.

झालं होतं असं की त्याआधी कित्येक रात्री मी मोबाईलवर एक जुनी पुस्तिका वाचत बसलो होतो, 1788 सालची. लिहिणारा रेव्हरंड रेमंड हॅरिस, मूळचा स्पेनचा, जेझुइट पाद्री, लिव्हरपूलमध्ये राहायचा. विषय एकच, गुलामांचा व्यापार बायबलला मान्य आहे की नाही. त्याचं उत्तर, पूर्ण मान्य आहे. आणि ह्या कामाबद्दल लिव्हरपूलच्या नगरपालिकेने त्याला शंभर पौंड बक्षीस दिले! ब्रिटनच्या गुलामव्यापारातली बहुतेक जहाजं तेव्हा ह्याच बंदरातून सुटायची, नगरपालिकेत व्यापारीच बसलेले, त्यामुळे शंभर पौंड त्यांना काही जड नव्हते.

लाईम स्ट्रीट स्टेशनवरून टाऊन हॉल पायी पंधरा मिनिटं. बारीक पाऊस होता, छत्री उघडली की वाऱ्याने उलटी व्हायची म्हणून भिजतच गेलो. इमारतीच्या वरच्या अंगाला दगडात कोरलेली एक पट्टी आहे, त्यात हत्ती, मगर आणि मध्येमध्ये आफ्रिकन माणसांचे चेहरे. आपल्या शहराचा पैसा कुठून येतो हे अठराव्या शतकातल्या लोकांनी लपवलं नाही, सरळ भिंतीवर कोरून ठेवलं. भाचा आधी मोबाईलमध्ये होता, मग त्याला ते चेहरे दिसले आणि तो विचारायला लागला की पण मामा, चर्चवाले गप्प कसे बसले?

गप्प नव्हते ना, तीच तर गंमत. गुलामव्यापाराविरुद्धची चळवळच मुळात धार्मिक लोकांनी उभी केली. क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी 1783 मध्ये पार्लमेंटला अर्ज दिला, मग मे 1787 मध्ये लंडनला जी समिती बसली तिच्यात बारा जण, त्यातले नऊ क्वेकर. गावोगाव सह्या गोळा व्हायला लागल्या, आणि त्यांचा मुख्य सूर हाच की हा व्यापार पाप आहे. आता पाप म्हटल्यावर व्यापाऱ्यांना नुसता नफ्यातोट्याचा हिशोब दाखवून भागेना, त्यांना शास्त्राधार लागला आणि तो हॅरिसने पुरवला.

त्याची मांडणी मी ट्रेनमध्ये भाच्याला सांगितली होती, तेव्हा तो म्हणाला हा माणूस वकील हवा होता. पहिल्याच पानांत हॅरिस सांगून टाकतो की बायबल देवाचा शब्द आहे, तेव्हा त्यात जे योग्य ठरलं ते योग्यच, आणि लोक त्याचा गैरवापर करतात म्हणून मूळ गोष्ट वाईट ठरत नाही. म्हणजे जहाजांवरचे हाल, साखळ्या, मेलेली माणसं, हे सगळं एका वाक्यात चर्चेच्या बाहेर! मग उदाहरणं. अब्राहामाच्या घरची दासी हागार मालकिणीच्या जाचाला कंटाळून पळून जाते, रानात देवदूत भेटतो आणि तिला काय सांगतो, तर परत जा आणि मालकिणीच्या हाताखाली नमून राहा. दुष्काळात योसेफ धान्याच्या बदल्यात इजिप्तच्या लोकांना राजासाठी विकत घेतो. आणि बायबलमधल्या लेवीय ह्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात तर सरळ लिहिलंय की आजूबाजूच्या राष्ट्रांतून दासदासी विकत घ्या, त्या तुमच्या मुलांना वारसाहक्काने मिळतील.

खरं सांगतो, मी वाचताना अडकलो. कारण ही वचनं खोटी नाहीत, ती तिथे आहेतच. घरच्या जुन्या मराठी बायबलात पण काढून बघितलं होतं, तिथे ‘दास’ शब्द आहे. आपल्या कानाला दास म्हटलं की रामदास आठवतात, भक्ती आठवते, पण ‘विकत घ्या’ आणि ‘वारसाहक्क’ हे शब्द शेजारी आले की भक्ती कुठल्या कुठे जाते.

हॅरिसला उत्तरं लगेच आली, एक ह्याच गावातल्या विल्यम रॉस्को नावाच्या वकिलाने लिहिलं. पण मला सगळ्यात पटलेली मांडणी त्याआधीची आहे, ग्रॅनव्हिल शार्प ह्या गुलामीविरोधी इंग्रजाची, 1776 ची. तो लेवीय नाकारत नाही. तो म्हणतो नीट वाचा, त्याच अध्यायात आपल्या भावाला गुलामासारखं राबवू नका असंही आहे, परक्याला विकत घ्यायची मुभा फक्त इस्राएली लोकांना होती, त्या काळापुरती. येशू आल्यावर परका कोण उरला? सगळेच शेजारी, सगळेच भाऊ, मग भावाचा नियम सगळ्यांना लागू. वर बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकातलं वचन, पळून आलेल्या दासाला त्याच्या मालकाच्या हवाली करू नका. म्हणजे हागारच्या गोष्टीला तिथेच उत्तर!

आणि विरोधकांचा हुकमाचा एक्का होता बायबलच्याच निर्गम ह्या पुस्तकातलं वचन, 21:16. माणूस चोरून जो विकेल त्याला मृत्युदंड. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेमकं तेच चाललं होतं. हॅरिस गुलामगिरी ह्या तत्त्वावर बोलत राहिला आणि विरोधकांनी वाद तत्त्वावरून काढून ‘हा माणूस तुमच्या हातात आला कसा’ ह्या प्रश्नावर आणला. मला वाटतं हॅरिसची पकड इथे सुटली, कारण ह्याला वचन नाही, साक्षीदार लागतात.

दुपारी आल्बर्ट डॉकला गेलो, तिथल्या गोदामाच्या तिसऱ्या मजल्यावर गुलामगिरीचं म्युझियम आहे (सध्या नूतनीकरणासाठी बंद आहे, जाणार असाल तर आधी बघून घ्या). ब्रूक्स जहाजाच्या नकाशाचं चित्र तुम्ही पाहिलं असेल, मुंग्यांसारखी माणसं रचलेली. जहाज लिव्हरपूलचंच. नव्या कायद्याने त्यात 454 माणसांची परवानगी होती आणि तेवढीच इतकी खेटून, तर कायद्याआधीच्या एका फेरीत त्याच जहाजात 609 होती. भाचा बराच वेळ तिथून हललाच नाही.

बाहेर येऊन चिप्स खाल्ले, सीगलने त्यातले निम्मे पळवले. खाता खाता त्याला 1807 च्या त्या बायबलबद्दल सांगितलं, वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी लंडनला छापलेलं. त्यात योसेफ आहे पण मोशे लोकांना इजिप्तमधून सोडवतो तो भाग गाळलेला. तो म्हणाला म्हणजे हॅरिस म्हणतो बायबल आमच्या बाजूने, आणि मग निम्मं कापूनच द्यायचं? (निम्म्यापेक्षा बरंच जास्त कापलं होतं.) जोतिरावांनी 1873 मध्ये आपलं पुस्तक अमेरिकेतल्या गुलामीविरोधी लोकांना अर्पण केलं ते उगाच नाही, पोथी कोण वाचणार आणि किती वाचणार हा प्रश्न त्यांच्या घरचाच होता.

परतताना माउंट प्लेझंटला रॉस्को गार्डन लागतं. छोटीशी बाग, मध्ये घुमटाचं स्मारक, बाकावर दोन पोरं मोबाईल बघत बसलेली. इथे पूर्वी चर्चचं दफनस्थान होतं आणि रॉस्को इथेच पुरलेला आहे. तो 1806 मध्ये खासदार झाला, पुढच्या वर्षी व्यापारबंदीच्या बाजूने मत दिलं, आणि मे महिन्यात गावी परत आला तर लोक दंगा करून अंगावर आले, जहाजांवरचं काम गेलेले खलाशी त्यात होते. पुन्हा तो पार्लमेंटला गेला नाही.

भाच्याने तिथेच उभ्या उभ्या फोनवर निर्गमचा एकविसावा अध्याय काढला. सोळावं वचन मोठ्याने वाचलं, खूश झाला. मग खाली सरकवत गेला आणि थांबला. मामा, हे बघा वीस आणि एकवीस, मालकाने दासाला मारलं आणि तो एक-दोन दिवस जगला तर मालकाला शिक्षा नाही, कारण तो त्याचा पैसा आहे.

त्याच पानावर, चार वचनं खाली. मी म्हटलं हो, माहितीये. पाच पंचावन्नची ट्रेन होती, पळत गेलो.